स्क्रीनशॉट की कॅमेऱ्याने काढलेला फोटो: मॉडेल कुठला नीट वाचतं?

सुनेत्रा (धागाकर्ती)

आमच्या प्रयोगशाळेत एका उपकरणाला जोडलेला संगणक आहे. तो नेटवर नाही आणि येणारही नाही. त्याच्या पडद्यावर दिवसभराच्या नोंदींचा तक्ता असतो: वेळ, तापमान, सामू, वाहकता आणि शेवटी शेरा. सॉफ्टवेअर जुनं आहे, तक्ता फाइल म्हणून बाहेर काढता येत नाही. स्क्रीनशॉट घेता येतो, पण पेन ड्राइव्ह लावायची परवानगी दिवसातून एकदाच, संध्याकाळी. त्यामुळे मधल्या वेळेत आम्ही मोबाइलने पडद्याचा फोटो काढतो आणि चित्र वाचणाऱ्या एआय मॉडेलला देऊन आकडे टाइप करून घेतो.

परवा फोटोवरून ७.३१ चा सामू ७.८१ झाला. एका नोंदीचा शेरा वरच्या ओळीला जाऊन चिकटला. संध्याकाळी त्याच तक्त्याचा स्क्रीनशॉट दिला तर सगळं बरोबर आलं. यावरून मी म्हणणार होते की स्क्रीनशॉटच द्यावा, पण शेजारच्या विभागातल्या सहकाऱ्याचा अनुभव नेमका उलटा आहे. त्याचा स्क्रीनशॉट चुकीचा वाचला गेला आणि मोबाइलचा फोटो बरोबर. माझा कल अजून स्क्रीनशॉटकडेच आहे, पण या उलट्या अनुभवाचं कारण कळल्याशिवाय मी कुणाला नियम म्हणून सांगणार नाही. कुणी खोलात गेलंय का?

मंजिरी_प

स्क्रीनशॉटच. तो PNG असतो, त्यात एकही पिक्सेल बदलत नाही. फोटो JPEG असतो, दाबताना अक्षरांच्या कडा खराब होतात. विषय संपला.

बापूकाका

माझं मत वेगळं आहे. स्क्रीनशॉटमध्ये कुणीही आकडे बदलून देऊ शकतं. फोटोत मागचं टेबल, पडद्याची चौकट, उजेड सगळं दिसतं, त्यामुळे विश्वासार्ह फोटोच. वाद झाला तर फोटो दाखवता येतो.

सुनेत्रा

बापूकाका, तुमचा मुद्दा पुराव्याचा आहे. मला आकडे बरोबर वाचले जातील का एवढंच हवंय, खरेखोटेपणाचा प्रश्न आमच्याकडे नाही.

मंजिरी, मग सहकाऱ्याच्या PNG मध्ये चूक का आली?

निषाद

मंजिरींचं अर्धं बरोबर आहे. PNG तुमच्या डिस्कवर जशीच्या तशी असते. पण मॉडेलपर्यंत ती तशी पोहोचतेच असं नाही. बहुतेक मॉडेल्स चित्र आत घेण्याआधी ते एका मर्यादेत बसेल इतकं लहान करतात. ही मर्यादा मॉडेलगणिक वेगळी असते आणि नवी मॉडेल्स जास्त घेऊ लागली आहेत. GPT-4o बद्दल प्रसिद्ध झालेली रीत अशी होती की चित्र आधी २०४८ × २०४८ च्या चौकोनात बसवायचं, मग त्याची आखूड बाजू ७६८ वर आणायची. इतर काहींची लांब बाजूची मर्यादा दीड हजार पिक्सेलच्या आसपास राहिली आहे. आपण हिशेबाला १५०० धरू.

म्हणजे स्क्रीनशॉट की फोटो याच्याही आधी बघायचं ते हे: लहान केल्यानंतर एका आकड्याच्या वाट्याला किती पिक्सेल उंची उरते?

सुनेत्रा, सहकाऱ्याचा मॉनिटर केवढा आहे? आणि त्यांनी अख्ख्या पडद्याचा स्क्रीनशॉट दिला होता का? ते कळलं तर पुढचं सांगता येईल.

ऋतुगंध

हे वाचून माझं कोडं सुटेल असं वाटतंय. मी एका लांबलचक संभाषणाचा सरकता स्क्रीनशॉट घेतला, म्हणजे खाली खाली जात एकच उंच चित्र बनतं तो. गोषवारा मागितला. गोषवारा छान आला, वाचायलाही खरा वाटला, पण त्यातल्या दोन गोष्टी संभाषणात कुणी बोललंच नव्हतं. मला वाटलं मॉडेल बिघडलंय.

निषाद

ऋतुगंध, तुमचा हिशेब आधी करू, तो सोपा आहे. मोबाइलचा पडदा १०८० पिक्सेल रुंद आणि सरकता स्क्रीनशॉट ९६०० उंच आहे असं समजा. लांब बाजू १५०० वर आणली की रुंदी उरते जेमतेम १६९. मूळ चित्रात अक्षर ३० पिक्सेल उंच असेल तर ते पाचावर येतं. पाच पिक्सेलमध्ये देवनागरी अक्षर, वरची मात्रा आणि खालचा उकार कसा मावणार? आपल्या डोळ्यांना तिथे नुसत्या करड्या रेघा दिसतील. माणूस म्हणेल वाचता येत नाही. मॉडेल मात्र आजूबाजूचे जे शब्द ओळखू आले त्यावरून उरलेलं जुळवतं, आणि ते जुळवलेलं वाक्य व्याकरणाने अगदी शुद्ध असतं. म्हणून ते खरं वाटतं.

उपाय एकच. तो उंच स्क्रीनशॉट चार-सहा तुकड्यांत कापा आणि प्रत्येक तुकडा वेगळं चित्र म्हणून द्या. कापताना आधीच्या तुकड्यातल्या शेवटच्या दोन ओळी पुढच्यातही येऊ द्या, म्हणजे कापलेल्या ओळीचं वाक्य हरवत नाही.

सुनेत्रा

विचारून आले. त्याचा मॉनिटर 4K आहे, ३८४० × २१६०, आणि अक्षरं मोठी करण्याची सेटिंग शंभर टक्क्यांवरच. म्हणजे पडद्यावर बारीक अक्षरं. अख्ख्या पडद्याचा स्क्रीनशॉट दिला होता. फोटो मात्र त्याने पडद्याजवळ जाऊन फक्त तक्त्याचा काढला होता.

निषाद

मग उत्तर इथेच आहे. शंभर टक्के सेटिंगवर तक्त्यातला आकडा साधारण १० पिक्सेल उंच असतो, दोन ओळींमधलं अंतर धरा २०. ३८४० चे १५०० झाले की आकडा चार पिक्सेलवर येतो आणि ओळींमधलं अंतर आठावर.

यात आणखी एक गोष्ट आहे. ही मॉडेल्स चित्राचे छोटे चौकोन पाडून ते वाचतात. चौकोनाची बाजू बऱ्याचदा १४ किंवा १६ पिक्सेल असते. ओळी आठ पिक्सेलवर आल्या की एकाच चौकोनात दोन नोंदी कोंबल्या जातात. अशा वेळी एका ओळीचा आकडा दुसरीला जाण्याची शक्यता वाढते.

त्यांचा फोटो घ्या. तक्ता पडद्याच्या एक तृतीयांश रुंदीत होता असं धरलं तर १२८० पिक्सेलचा भाग फोटोभर पसरलेला. फोटो १५०० वर आणला तरी आकडा सुमारे १२ पिक्सेल उंच राहतो, म्हणजे स्क्रीनशॉटमधल्याच्या तिप्पट. फोटो जिंकला तो कॅमेऱ्यामुळे नव्हे, चौकटीमुळे. त्याच स्क्रीनशॉटमधून फक्त तक्ता कापून दिला असता तर लहान करायची गरजच पडली नसती, दहाचे दहा पिक्सेल राहिले असते आणि तेही स्वच्छ.

आता तुमचा उलटा अनुभव. प्रयोगशाळेतला पडदा १९२० × १०८० असावा. त्याचा स्क्रीनशॉट १५०० वर आला तरी आकडा आठ पिक्सेलचा उरतो, तो वाचला जातो. फोटो तुम्ही खुर्चीत बसून काढला असणार, पडदा फोटोच्या साठ टक्के रुंदीत. मग १९२० पिक्सेलचा पडदा ९०० मध्ये आला आणि आकडा पाचाच्याही खाली गेला. त्यात इंग्रजी 3 ची डावी बाजू बंद झाली की 8 दिसतो. तुमचा ७.८१ तिथून आला असणार.

मंजिरी_प

पण मोबाइलचा कॅमेरा ५० मेगापिक्सेलचा असतो. पडदा तर दोन-आठ मेगापिक्सेलचा. मग फोटोत माहिती जास्त नाही का?

आडवाटे

कॅमेऱ्यापाशी जास्त, मॉडेलपाशी नाही. दाराची रुंदी ठरलेली असल्यावर बाहेर रांग कितीही मोठी असो, एका वेळी आत तितकेच जाणार. ५० मेगापिक्सेलचा फोटो आणि १२ चा फोटो, दोन्ही दाराशी एकाच मापाचे होतात.

शिवाय आधीचं एक दार बहुतेकजण विसरतात. फोटो मेसेजिंग अॅपमधून स्वतःला किंवा दुसऱ्याला पाठवला आणि तिथून घेतला, तर अॅपने तो आधीच लहान करून पुन्हा JPEG केलेला असतो. पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. स्क्रीनशॉटलाही हेच लागू. मंजिरींची PNG अशा प्रवासात PNG राहत नाही, आणि रंगीत पट्टीवरची लाल अक्षरं सगळ्यात आधी पसरतात, कारण JPEG रंगाचा तपशील उजेडापेक्षा जास्त कापतं.

कोरा_कागद

पडद्याचा फोटो काढताना जे इंद्रधनुषी पट्टे येतात त्यांचं काय? मी वहीची पानं देतो, तिथे हे नसतं. पण पडद्याच्या फोटोत ते दिसले की मला भरवसा वाटत नाही.

आडवाटे

त्याला म्वारे म्हणतात. पडद्यावर पिक्सेलची जाळी, कॅमेऱ्याच्या सेन्सरवर दुसरी जाळी. दोन्ही जवळपास सारख्या बारीक असल्या की एकमेकींवर पट्टे उमटतात. फोटो लहान करताना ते आणखी बदलतात, म्हणजे मोबाइलवर न दिसलेले पट्टे मॉडेलला दिसू शकतात. पट्ट्याची गडद रेघ दशांश चिन्हावरून गेली की चिन्ह गायब, ७.३१ चे ७३१. सुनेत्राताईंच्या कामात ही चूक निदान लगेच पकडता येते, कारण ७३१ सामू असूच शकत नाही. वाहकतेच्या रकान्यात मात्र पकडता येणार नाही.

मी मोबाइल जरा तिरका धरतो, पट्टे जातात.

निषाद

इथे मी सहमत नाही. तिरका धरला की पट्टे कमी होतात हे खरं, पण तक्ता समलंब होतो. ओळी आडव्या राहत नाहीत, उजवीकडे जाता जाता वर चढतात. लांब तक्त्यात डावीकडची वेळ आणि उजवीकडचा शेरा यांच्यात एका ओळीची उंची इतका फरक पडला की शेरा शेजारच्या नोंदीला जातो. सुनेत्राताईंचा दुसरा घोळ अगदी हाच. मी समोरूनच काढतो, फक्त अंतर बदलतो. अगदी जवळ गेलं, म्हणजे पडद्याचा एक पिक्सेल फोटोत बऱ्याच पिक्सेलवर पसरला, की पट्टे बहुधा विरतात.

आडवाटे

जवळ गेलं की लेन्स कडेच्या ओळी वाकवते. आणि काही मोबाइल जवळ गेल्यावर आपोआप रुंद लेन्सवर जातात, तिथे तर कडा जास्तच वाकतात आणि मऊ होतात. मला दोन पावलं मागे राहून दुप्पट झूम करणं बरं वाटतं. तिरकेपणा म्हणाल तर मी अगदी थोडा ठेवतो आणि रुंद तक्ता असेल तर दोन भागांत काढतो.

निषाद

झूमचं मान्य. तिरकेपणाबद्दल माझं मत तेच आहे.

वैदेही

हे वाचून २०१३ सालची गोष्ट आठवली. डेव्हिड क्रिसेल या जर्मन संगणकशास्त्रज्ञाने दाखवून दिलं होतं की काही झेरॉक्स यंत्रं कागद स्कॅन करताना त्यावरचे आकडे बदलतात. घराच्या नकाशातल्या खोल्यांची क्षेत्रफळं चुकीची आली होती, ६ चे ८ होत होते. फाइल लहान करताना यंत्र एकसारखे दिसणारे तुकडे शोधून एकाच्या जागी दुसरा बसवत होतं. यातलं सगळ्यात वाईट म्हणजे चुकलेला आकडा धूसर नव्हता, छापल्यासारखा स्वच्छ होता. कारण वेगळं असलं तरी आपल्याला इथे त्याच प्रकारच्या चुकीची भीती आहे: पाहून शंका येणार नाही अशी चूक.

आणि देवनागरी आकडे असतील तर जोड्या वेगळ्या लक्षात ठेवाव्या लागतात. लहान आकारात १ आणि ९, ५ आणि ४ यांची गफलत मी सगळ्यात जास्त पाहिली आहे.

बापूकाका

मग तर मूळ फोटो जपून ठेवायलाच हवा. टाइप झालेला तक्ता घेऊन मूळ चित्र पुसून टाकणारे लोक मी पाहिलेत.

वैदेही

हा मुद्दा इथे शंभर टक्के लागू आहे, बापूकाका.

कोरा_कागद

माझी अडचण सांगतो. वहीचं पान उभं असतं, मी मोबाइलही उभाच धरून काढतो. गॅलरीत सरळ दिसतं, मॉडेल मात्र कधी कधी आडवं पान वाचल्यासारखी उत्तरं देतं. मग मी गॅलरीतल्या फोटोचाच स्क्रीनशॉट घेऊन देतो, तेव्हा बरोबर येतं. हे कसं?

निषाद

कॅमेरा पिक्सेल सेन्सरवर पडले तसेच ठेवतो आणि फाइलमध्ये सोबत एक टीप लिहितो, 'दाखवताना एवढं फिरवा'. ती EXIF मधली Orientation नावाची नोंद. गॅलरी ती पाळते. वाटेतल्या एखाद्या प्रोग्रामने ती पाळली नाही किंवा पुसली, तर मॉडेलला पान आडवं मिळतं. स्क्रीनशॉट घेतला की फिरवलेलं चित्रच पिक्सेलमध्ये उतरतं, टिपेची गरज उरत नाही.

पण ही सवय महाग पडते. १२ मेगापिक्सेलचा फोटो मोबाइलच्या पडद्यावर १०८० रुंदीत दिसतो, स्क्रीनशॉटमध्ये तेवढाच येतो, वर-खाली काळ्या पट्ट्या आणि बटणं येतात ती वेगळीच. फोटो संपादनात जाऊन एकदा फिरवून सेव्ह करा, काम तेच होतं आणि तपशील टिकतो.

संगणकावर करत असाल तर ImageMagick या प्रोग्रामची ही एक ओळ फिरवतेही आणि मॉडेलच्या मापाला लहानही करते:

```
magick photo.jpg -auto-orient -resize "1500x1500>" pahije.png
```

मग `pahije.png` शंभर टक्के आकारात उघडून स्वतः वाचून बघा. तुम्हालाच ३ आणि ८ मधला फरक सांगता येत नसेल तर मॉडेलकडून अपेक्षा ठेवू नका. स्क्रीनशॉट की फोटो हा वाद बहुतेक वेळा या एका पाहणीत मिटतो.

ऋतुगंध

मॉडेललाच सांगितलं की 'जिथे वाचता येत नाही तिथे प्रश्नचिन्ह टाक', तर?

आडवाटे

सांगावं, थोडा उपयोग होतो. पण त्यावर विसंबू नये. जिथे मॉडेलला वाचता आल्यासारखं वाटतं, नेमकी तिथली चूक प्रश्नचिन्हाशिवाय येते. तेच चित्र पुन्हा देऊन तपासणंही पुरेसं नाही, कारण ३ चा ८ चित्रातच झालेला असेल तर दुसऱ्यांदाही ८ च येण्याची शक्यता मोठी. तपासायचं तर चित्र बदला: वेगळी चौकट, वेगळं अंतर. दोन वाचनांत जिथे फरक पडतो ती घरं मूळ पडद्याशी ताडून बघा.

वैदेही

आणि काय विचारता तेही बघा. 'सरासरी सामू किती?' असं थेट विचारलं की एकच आकडा मिळतो, आत काय वाचलं ते कळत नाही. आधी तक्ता जसाच्या तसा उतरवून मागा, ओळींची संख्या मोजा, मग बेरीज-सरासरी स्वतः गणनपत्रकात करा.

रिकाम्या घरांचं विसरू नका. शेऱ्याच्या रकान्यात बहुतेक घरं रिकामी असतील तर स्वच्छ स्क्रीनशॉटमध्येसुद्धा शेरा एक ओळ वर-खाली सरकतो. पडद्यावर रेघा आखता येत असतील तर आखा, आणि उतरवताना रिकाम्या घरात आडवी रेघ टाकायला सांगा.

मंजिरी_प

माझं आधीचं 'विषय संपला' हे घाईचं होतं, पण एक गोष्ट अजूनही म्हणेन. चौकट सारखी असेल तर स्क्रीनशॉटच. पट्टे नाहीत, तिरकेपणा नाही, पडद्यावर दिव्याची चकाकी नाही.

निषाद

हे मलाही मान्य आहे. एकच भर: स्क्रीनशॉटमध्ये जे पडद्यावर नाही ते नाही. रकाना अरुंद असल्यामुळे `####` दिसत असेल, किंवा खाली आणखी नोंदी असतील, तर चित्र कितीही स्वच्छ असलं तरी काय उपयोग. फोटोतही ते नसतंच, पण स्क्रीनशॉट इतका नेटका दिसतो की अपुरा आहे हे लक्षात येत नाही.

सुनेत्रा

सगळ्यांचं वाचून आज करून पाहिलं. खुर्चीतून उठले, पडद्यासमोर उभी राहिले, दुप्पट झूम केलं आणि तक्त्याचा वरचा अर्धा आणि खालचा अर्धा असे दोन फोटो काढले, मधल्या दोन नोंदी दोन्हींत येतील असे. फोटो समोरूनच काढले, तिरके नाहीत. संगणकावर घेऊन निषादच्या ओळीने लहान करून पाहिले, आकडे मला सहज वाचता आले. संध्याकाळी त्याच तक्त्याचा कापलेला स्क्रीनशॉट दिला आणि दोन्ही वाचनं शेजारी ठेवली.

सामू आणि तापमान सगळीकडे जुळलं. वाहकतेच्या एका नोंदीत फरक निघाला. पडद्यावर पाहिलं तर स्क्रीनशॉटचं वाचन बरोबर होतं. फोटोत त्या जागी खोलीतल्या दिव्याची चकाकी पडली होती, मोबाइलवर ती मला दिसलीच नाही. शेरे मात्र दोन्हींत एका ठिकाणी सरकले होते, म्हणजे वैदेहीचा मुद्दा. या सॉफ्टवेअरमध्ये रेघा आखण्याची सोय नाही.

आता ठरवलंय की दिवसाचा फोटो फक्त कच्च्या नोंदीसाठी, दिवा बंद करून. पक्की नोंद संध्याकाळच्या कापलेल्या स्क्रीनशॉटवरून, आणि शेरे हाताने. सहकाऱ्याला तक्ता कापून द्यायला सांगितलंय.

कोरा_कागद

रेघा नसतील तर एक करून बघा. त्या सॉफ्टवेअरमध्ये ओळीवर क्लिक केल्यावर ती रंगीत होते का? होत असेल तर शेरा असलेली ओळ निवडून वेगळा स्क्रीनशॉट घ्या, मग तो शेरा कुठल्या वेळेचा आहे यात गोंधळ राहणार नाही.

सुनेत्रा

होते, निळी होते. पण त्यावर अक्षरं पांढरी येतात. उद्या बघते ती नीट वाचली जातात का.